सर्व्हरला नवी डिस्क का हवी, ते आकड्यांत

‘सर्व्हर फार स्लो झाला आहे, तरी नवीन वेगवान एसएसडी घेण्यास मंजुरी मिळावी.’ संचालक मंडळापुढे येणारा अर्ज बहुतेक वेळा एवढाच असतो. सोबत दुकानदाराचं कोटेशन जोडलेलं असतं. अध्यक्ष अर्ज वाचतात आणि विचारतात, “अहो, दोन वर्षांपूर्वी एसएसडीच घेतल्या होत्या ना आपण? मग आता पुन्हा एसएसडी कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे, आणि ‘स्लो’ या एका शब्दाच्या आधारावर त्याला उत्तर देता येत नाही. विषय पुढच्या सभेवर जातो, त्या सभेत पुन्हा पुढे ढकलला जातो आणि ३१ मार्चची रात्र मात्र ठरल्या दिवशी येते.

हा अर्ज नीट कसा करायचा, हे मला इथे एका नमुन्यावरून मांडायचं आहे. नमुना म्हणून एक पतसंस्था घेऊ. तिच्या चौदा शाखा आहेत, सर्व्हर एकच, मुख्य कार्यालयात. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो. डेटा एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या दोन साध्या साटा एसएसडींवर आहे. घरच्या कॉम्प्युटरसाठी दुकानात मिळतात, त्याच जातीच्या. रोज सुमारे २,६०० व्हाउचर पडतात. पुढचे आकडे याच नमुन्याचे आहेत. अशा ठिकाणी जसे दिसतात तसेच मी ते धरले आहेत. प्रत्येक संस्थेला आपले आकडे स्वतः मोजावे लागतील आणि सगळी मेहनत त्या मोजण्यातच आहे.

आधी कॅशियरने ‘सेव्ह’ दाबल्यावर आत काय होतं ते पाहू. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे चटकन समजेल, कारण डेटाबेस अगदी जुन्या पेढीच्या शिस्तीने चालतो. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत ओळीने लिहायचा आणि खतावणी नंतर सवडीने करायची. डेटाबेसची रोजकीर्द म्हणजे ‘वॉल’ नावाची फाइल. प्रत्येक नोंद आधी तिच्या शेवटी लिहिली जाते, खात्यांची खरी पानं नंतर बदलतात. ‘कमिट’ म्हणजे ही रोजकीर्दीतली ओळ डिस्कवर कायमची उमटली, अशी खात्री. डेटाबेस डिस्कला विचारतो, “लिहिलंस ना? आत्ता वीज गेली तरी हे राहील ना?” डिस्कने हो म्हणेपर्यंत तो थांबतो, आणि कॅशियरच्या पडद्यावर पावती त्यानंतरच येते. डिस्कला हे विचारण्याच्या क्रियेला `fsync` म्हणतात. आपल्या अर्जाचा सगळा डोलारा या थांबण्यावर उभा आहे.

एसएसडीच्या खोक्यावर जो वेग छापलेला असतो, त्यात हे थांबणं कुठेच येत नाही. तिथे ‘सेकंदाला ५५० मेगाबाइट’ लिहिलेलं असतं. तो वेग एकसलग मोठी फाइल वाचण्याचा किंवा लिहिण्याचा. रोजकीर्दीचं काम निराळं असतं. आठ किलोबाइट लिहायचे, थांबायचं, होकार घ्यायचा, मग पुढचे आठ लिहायचे. साध्या एसएसडीला हा होकार द्यायला समजा ३ मिलिसेकंद लागले, तर एकामागून एक अशा नोंदी लिहिताना तीच डिस्क सेकंदाला जेमतेम पावणेतीन मेगाबाइट लिहिते. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, आपल्या कामाचा नसतो एवढंच.

होकाराला वेळ का लागतो, याचं कारण डिस्कच्या पोटात आहे. एसएसडीमध्ये आलेला मजकूर आधी तिच्या छोट्या मेमरीत जातो. ही मेमरी वेगवान असते, पण वीज गेली की पुसली जाते. म्हणून ‘कायमचं लिहिलं का?’ असं विचारल्यावर साध्या डिस्कला तो मजकूर खाली फ्लॅश चिपमध्ये खरोखर उतरवावा लागतो, आणि फ्लॅशमध्ये लिहिणं हे सावकाश होणारं काम आहे. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीत याच मेमरीशेजारी कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी मेमरीतला मजकूर फ्लॅशमध्ये उतरवण्यापुरती ऊर्जा त्यांच्यात साठलेली असते. त्यामुळे मजकूर मेमरीत पोचताक्षणी अशी डिस्क होकार देऊ शकते, आणि तो होकार खरा असतो. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात. दोन्ही डिस्कवर एकच साटाची पट्टी, एकच ५५०चा आकडा असू शकतो. होकाराचा वेळ मात्र एकीचा ३ मिलिसेकंद, तर दुसरीचा ०.१ मिलिसेकंद. अध्यक्षांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर मोजून द्यायचं असतं. मोजायला सुरुवात डिस्कपासून करू नये, काउंटरपासून करावी. मंडळाला काउंटर समजतो, आणि काउंटरवर त्रास नसेल तर डिस्क कितीही संथ असली तरी पैसे मागायचं कारण नाही. सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ‘सेव्ह’ दाबल्याची आणि पावती आल्याची वेळ असते. आठवडाभराची व्हाउचरं घेऊन हा फरक काढला. सरासरी आली ०.७ सेकंद. सॉफ्टवेअरवाल्याने ही सरासरी पाहिली, तर तो नक्की म्हणेल की पाऊण सेकंदाच्या आत पावती येते, मग तक्रार कसली?

इथे सरासरी बाजूला ठेवून व्हाउचरं रांगेत लावायची. हजार व्हाउचर घ्या, सगळ्यांत लवकर झालेलं पहिलं, सगळ्यांत उशिरा झालेलं शेवटचं. आपल्या नमुन्यात पाचशेव्या व्हाउचरला ०.३५ सेकंद लागले. नऊशे पन्नासाव्याला २.६ सेकंद आणि नऊशे नव्वदाव्याला ७.८ सेकंद. म्हणजे निम्म्या व्हाउचरांना त्रास जाणवतही नाही, पण हजारातल्या दहांना जवळपास आठ सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. अशा वेळी पडदा गोठल्यासारखा दिसतो आणि कॅशियर काय करतो? पुन्हा ‘सेव्ह’ दाबतो. एका उचलीची दोन व्हाउचरं पडतात आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही. मग शोधाशोध, उलट नोंद, व्यवस्थापकाची सही. या दुबार नोंदी डेटाबेसमधूनच मोजता येतात. एकाच खात्यावर, एकाच रकमेची, मिनिटाच्या आत पडलेली दोन व्हाउचरं, त्यातलं एक नंतर रद्द झालेलं. नमुन्यात तीन महिन्यांत अशा २३ सापडल्या. माझ्या मते अर्जातला सगळ्यांत वजनदार आकडा हाच. मिलिसेकंद ऐकून संचालक मान डोलावतील, दुबार नोंद ऐकली की मात्र खुर्चीत पुढे सरकतील.

त्रास आहे हे कळलं, पण तो डिस्कचाच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. पुष्कळ अर्ज इथेच घसरतात. डेटाबेस संथ होण्याची कारणं अनेक आहेत. मेमरी कमी असते, इंडेक्स नसतो, शाखेची इंटरनेट लाइन खराब असते, कुणीतरी भर दुपारी वर्षाचा अहवाल काढत बसलेलं असतं. डिस्कवर ठपका ठेवण्याआधी डेटाबेसलाच विचारायचं की बाबा, तू कशाची वाट पाहतो आहेस? पोस्टग्रेस हे सांगतो. दर सेकंदाला खालची विचारणा करायची आणि उत्तर साठवत जायचं:

```
SELECT wait_event_type, wait_event, count(*)
FROM pg_stat_activity
WHERE state = 'active'
  AND backend_type = 'client backend'
  AND pid <> pg_backend_pid()
GROUP BY 1, 2;
```

उत्तरात `WALSync` दिसलं, तर ते काम रोजकीर्दीच्या होकाराची वाट पाहत आहे. `WALWrite` दिसलं, तर रोजकीर्द लिहिण्याची वाट आहे किंवा तिथे आधी कुणी उभं आहे. (नव्या आवृत्तींत या नावांची अक्षरं थोडी लहानमोठी दिसतात.) `DataFileRead` म्हणजे खात्याचं पान मेमरीत नसल्यामुळे डिस्कवरून वाचणं चालू आहे. रकाना रिकामा असेल, तर काम प्रोसेसरवर सुरू आहे असं साधारणपणे धरायचं. `Lock` म्हणजे दुसऱ्याच्या व्यवहाराने अडवून ठेवलेली ओळ.

डेटाबेसच्या लॉगमध्येही पुरावा सापडतो. `log_min_duration_statement` ही सेटिंग ५०० वर ठेवली, की अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणारी प्रत्येक आज्ञा लॉगमध्ये उतरते. तिथे अशी ओळ दिसली की मी सावध होतो:

```
LOG:  duration: 1384.207 ms  statement: COMMIT
```

`COMMIT` मध्ये शोधाशोध नाही, बेरीज-वजाबाकी नाही. नोंद कायम करणं एवढंच तिचं काम. तिला १.४ सेकंद लागत असतील, तर तो वेळ बहुतेक सगळा होकाराची वाट पाहण्यात गेला.

यानंतर डिस्कला एकटीला तपासायचं. पोस्टग्रेससोबत `pg_test_fsync` नावाचं छोटं साधन मिळतं. ज्या डिस्कवर डेटा आहे तिथली फाइल त्याला द्यायची:

```
pg_test_fsync -s 5 -f /var/lib/postgresql/chachni.out
```

लिनक्सवर `fdatasync` च्या ओळीत एका होकाराला किती मायक्रोसेकंद लागले ते दिसतं. नमुन्यात रात्री, सर्व्हर रिकामा असताना, ३,००० मायक्रोसेकंद आले, म्हणजे ३ मिलिसेकंद. उलट दिशेचीही खबरदारी घ्यावी लागते. कपॅसिटर नसलेल्या स्वस्त डिस्कवर ही चाचणी सेकंदाला वीस हजार होकार दाखवू लागली, तर आनंद मानू नये. मधला रेड कंट्रोलर आपल्या मेमरीतून होकार देत असेल किंवा डिस्क न लिहिताच हो म्हणत असेल. कंट्रोलरच्या मेमरीला बॅटरीचा आधार असेल तर ते ठीक आहे, नसेल तर वीज गेल्यावर त्या हो ला काही किंमत उरत नाही. जुन्या फिरत्या डिस्कबाबत हे ओळखणं सोपं होतं. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. प्रत्येक होकारासाठी तीच जागा पुन्हा डोक्याखाली यावी लागते, म्हणून एकामागून एक विचारलं तर सेकंदाला साधारण १२० पेक्षा जास्त खरे होकार येऊच शकत नाहीत.

आता एक शंका येईल. होकाराला ३ मिलिसेकंद, मग व्हाउचरला सेकंद कसे लागतात? सॉफ्टवेअर आतून पाहिल्यावर उलगडा होतो. एक व्हाउचर सेव्ह होताना ते एकदा कमिट करत नाही, बारा वेळा करतं. व्हाउचरचा क्रमांक, खात्याची शिल्लक, शाखेच्या रोकडीची शिल्लक, नोटांचा तपशील, एसएमएसची नोंद, लेखापरीक्षणाची नोंद, प्रत्येकाचं कमिट वेगळं. हे कसं लिहायला हवं होतं यावर पुढे येतोच. बारा त्रिक छत्तीस मिलिसेकंद, तेही फारसे नाहीत. पण दुपारी साडेअकराला चौदा शाखांची कामं एकाच डिस्कपाशी येतात, त्याच वेळी डेटाबेस मागची खतावणीही लिहून काढत असतो आणि होकाराचा वेळ फुगतो. दोन डिस्कची जोडी असल्यामुळे प्रत्येक नोंदीला दोघींपैकी जी मागे राहील तिची वाट पाहावी लागते. त्यात शाखेच्या रोकडीची शिल्लक ही एकच ओळ आहे. त्या शाखेचं प्रत्येक व्हाउचर तिला हात लावतं आणि कमिटचा होकार मिळेपर्यंत ती ओळ कुलूपबंद राहते. शेजारच्या काउंटरचं व्हाउचर तोवर ताटकळतं. डिस्कचा उशीर असा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो.

अर्ज लिहायला बसण्याआधी फुकटातले उपाय करून टाकायचे. नमुन्यात दोन सापडले. सभासदाचं नाव शोधणारी एक आज्ञा इंडेक्स नसल्यामुळे दरवेळी पूर्ण तक्ता चाळत होती, तिथे इंडेक्स लावला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. रोज दुपारी बारा वाजता बॅकअप सुरू व्हायचा आणि तो त्याच डिस्कवर लिहिला जायचा. साध्या एसएसडीत फ्लॅशचा थोडा भाग वेगवान लेखनासाठी राखलेला असतो. बॅकअपसारखं सलग लेखन झालं की तो भरतो आणि पुढचं लेखन संथ गतीने होतं. ऐन गर्दीच्या तासात हेच होत होतं. बॅकअप रात्री, वेगळ्या डिस्कवर नेला. पुन्हा आठवडाभर मोजलं. पाचशेवं व्हाउचर ०.३ सेकंद, नऊशे पन्नासावं १.९, नऊशे नव्वदावं ४.९. सरासरी ०.५५. सुधारणा झाली, त्रास गेला नाही. अर्जात हे आकडे आधीचे म्हणून द्यायचे. ७.८ सेकंद दाखवून पैसे मागणं म्हणजे फुकटात झालेल्या सुधारणेचं श्रेय डिस्कला देणं होईल, आणि मंडळात एखादा जाणता माणूस असेल तर तो ते तिथल्या तिथे पकडेल.

आणखी दोन फुकटचे उपाय कुणीतरी सुचवेलच, तेव्हा त्यांचं उत्तर तयार हवं. पोस्टग्रेसमध्ये `synchronous_commit` बंद केलं, की होकाराची वाट न पाहता पावती मिळते आणि काउंटर लगेच पळू लागतो. पण सर्व्हर अचानक बंद पडला, तर शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदातले व्यवहार नाहीसे होऊ शकतात, त्यांच्या पावत्या दिलेल्या असूनही. सभासदाच्या हातात पावती आहे आणि खात्यात नोंद नाही, ही अवस्था पतसंस्थेला परवडणारी नाही. दुसरी सेटिंग आहे `fsync` च बंद करण्याची. त्यात अख्खा डेटाबेस न उघडण्याइतका खराब होऊ शकतो. ती पैशांच्या व्यवहारात कधीही बंद करू नये.

फुकटचे उपाय झाल्यावर दर सेकंदाच्या विचारणेचे निकाल पुन्हा मांडले. कामात अडकलेल्या दर शंभर नोंदींत ७१ वेळा रोजकीर्दीची वाट होती, ९ वेळा डिस्कवरून वाचणं आणि उरलेल्या २० मध्ये प्रोसेसर व कुलूपं. नवी डिस्क या ७१ भागांवरच काम करणार. ती जुनीच्या तीसपट वेगवान असली तरी व्हाउचर तीसपट लवकर होणार नाही. ०.५५ सेकंदांतले ७१ टक्के जवळजवळ शून्यावर आले, तर उरतात ०.१६. अर्जात वचन द्यायचं ते एवढंच. कुलपांचा वेळही थोडा कमी होईल, कारण ती होकारापर्यंतच धरलेली असतात, पण किती कमी होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून ते हिशेबात धरायचं नाही.

या टप्प्यावर मी हिशेबाला एक उलट प्रश्न विचारतो. वाचणाऱ्या वेळेची किंमत किती? दर व्हाउचरमागे ०.३८ सेकंद, २,६०० व्हाउचर, म्हणजे सगळ्या चौदा शाखांत मिळून दिवसाला सोळा मिनिटं. एवढ्यासाठी कुणी लाख रुपये द्यावेत असं मलाही वाटत नाही. ‘कर्मचाऱ्यांचा वेळ वाचेल’ हे वाक्य अर्जात घातलं, की कुणीतरी हाच गुणाकार करणार. अर्ज उभा राहतो तो दुबार नोंदींवर आणि व्याजाच्या रात्रीवर.

व्याजाची रात्र नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिथे डिस्कचा होकार अगदी उघडा दिसतो. तिमाहीच्या शेवटी ४८,००० खात्यांवर व्याज जमा होतं. प्रोग्राम एकेक खातं घेतो आणि प्रत्येक खात्यासाठी आत एक व्हाउचरच टाकतो. म्हणजे पुन्हा बारा कमिट. गर्दी नाही, रांग नाही, एकच काम एकटं चालतं. एकूण कमिट ५,७६,०००. रात्रीच्या चाचणीतले ३ मिलिसेकंद धरले, तर हे अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवं. प्रत्यक्षात पूर्ण कामाला २ तास २५ मिनिटं लागतात. मोजल्यावर दिसलं की इतका वेळ सलग लिहिताना होकार ३ वरून सरासरी १२ मिलिसेकंदांवर जातो. डिस्कला आतल्या आत जुनी पानं गोळा करून जागा मोकळी करावी लागते आणि तेही काम त्याच वेळी चालतं. पाच सेकंदांच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. ५,७६,००० गुणिले १२ मिलिसेकंद म्हणजे १ तास ५५ मिनिटं. उरलेला अर्धा तास खऱ्या आकडेमोडीचा. होकार ०.१ मिलिसेकंदावर आला, तर ती १ तास ५५ मिनिटं साधारण एका मिनिटावर येतात आणि सगळं काम अर्ध्या तासात आटोपतं. व्याज पूर्ण झाल्याशिवाय दिवस बंद होत नाही आणि दिवस बंद झाल्याशिवाय त्याचा बॅकअप होत नाही. ३१ मार्चला मुख्य कार्यालयातली माणसं रात्री साडेनऊला सुटणार की साडेसातला, हा प्रश्न मंडळातल्या प्रत्येकाला समजतो.

याच जागी सॉफ्टवेअरचा मुद्दा प्रामाणिकपणे लिहायला हवा. बारा कमिटऐवजी प्रत्येक व्हाउचरला एकच केलं, तर आहे त्याच डिस्कवर ती १ तास ५५ मिनिटं दहाच्याही आत येतील. खरं औषध तेच आहे. शिवाय मध्येच वीज गेली तर अर्धवट व्हाउचर राहण्याचा धोकाही जाईल. पण सॉफ्टवेअर दुसऱ्याचं आहे, बदल त्याच्या पुढच्या आवृत्तीत येणार आणि तारीख हातात नाही. म्हणून अर्जात दोन्ही मागण्या एकत्र हव्यात. डिस्क आता घ्यावी आणि करार नूतनीकरणाच्या वेळी एका व्हाउचरला एक कमिट ही अट लेखी घालावी. हा पर्याय लपवला आणि तो मंडळाला दुसऱ्या कुणाकडून कळला, तर पुढच्या कोणत्याही अर्जावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

मग कोणती डिस्क? पहिल्या कोटेशनमध्ये एनव्हीएमई डिस्क होत्या, सगळ्यांत वेगवान म्हणून. त्यांचा होकार ०.०४ मिलिसेकंदात येतो असं धरू. पण या जुन्या सर्व्हरला त्यांची जागाच नाही, त्यासाठी सर्व्हरच बदलावा लागेल. कपॅसिटर असलेली साटा एसएसडी आहे त्याच खणात बसते आणि ०.१ मिलिसेकंदात होकार देते. बारा कमिटला एकीवर अर्धा मिलिसेकंद, दुसरीवर सव्वा. काउंटरवर हा फरक कुणालाही जाणवणार नाही. विचारणेत `DataFileRead` चा भाग मोठा असता, म्हणजे डेटा मेमरीत न मावणारा असता, तर मी एनव्हीएमईच्या बाजूने बोललो असतो. इथे तो नऊच टक्के आहे.

क्षमता आणि आयुष्यही मोजूनच ठरतं. सर्व्हरच्या एसएसडीवर लिहिलेलं असतं की हमीच्या काळात दिवसाला पूर्ण डिस्क किती वेळा लिहिता येईल. इथे डेटाबेस १८० गिगाबाइटचा आणि दिवसाचं लेखन ६० गिगाबाइटच्या आसपास. ९६० गिगाबाइटची डिस्क दिवसाला एकदा पूर्ण लिहिण्याच्या हमीची घेतली, तरी ती भरपूर झाली. त्याच्या वरच्या वर्गाला पैसे घालू नयेत. अशा दोन डिस्क, एक राखीव, जोडणी आणि जीएसटी धरून समजा १,०५,००० रुपये. एनव्हीएमई आणि नवा सर्व्हर मिळून ३,४०,०००. फ्लॅशचे भाव सतत वरखाली होतात, त्यामुळे कोटेशन कधीपर्यंत ग्राह्य आहे ते अर्जात लिहायलाच हवं.

मंडळात जाण्याआधी उसन्या डिस्कवर चाचणी घ्यावी. अनेक पुरवठादार आठवडाभरासाठी देतात. चाचणीच्या मशीनवर बॅकअप उतरवायचा, लॉगमधून एका व्हाउचरच्या सगळ्या आज्ञा काढून `pgbench` ला द्यायच्या आणि चौदा शाखांइतकी गर्दी उभी करायची. पहिल्यांदा हे जुन्या जातीच्या डिस्कवर चालवायचं. तिथे १.९ आणि ४.९ च्या जवळचे आकडे आले, तरच ही चाचणी आपल्या काउंटरसारखी आहे असं मानता येतं. हे न करता थेट नवी डिस्क लावून मिळालेला सुंदर आकडा काहीच सिद्ध करत नाही. डिस्क पाऊण भरून घ्यायची आणि निदान तासभर चालवायची, कारण कोरी डिस्क पहिली काही मिनिटं नेहमीच चपळ असते. नमुन्यात नव्या साटा डिस्कवर पाचशेवं व्हाउचर ०.१२ सेकंदात, नऊशे पन्नासावं ०.४ आणि नऊशे नव्वदावं ०.९ सेकंदात झालं. सरासरी ०.१७. हिशेबाने ०.१६ सांगितले होते. हिशेब आणि चाचणी इतकी जुळली की अर्ज लिहायला बसावं.

अर्ज एका पानात बसतो. सुरुवातीला तीन महिन्यांतल्या २३ दुबार नोंदी आणि व्याजाच्या रात्रीचे २ तास २५ मिनिटं. त्याखाली कारण तीन ओळींत. मग फुकटचे उपाय आणि त्यांनी किती फरक पडला. मग चाचणीचे आधीचे-नंतरचे आकडे शेजारी शेजारी, रक्कम आणि महागडा पर्याय का नको ते. डिस्क कशाला उपयोगी पडणार नाही, हेही त्याच पानावर लिहावं. दुर्गम शाखेची लाइन संथ आहे ती तशीच राहील, वार्षिक अहवालांना लागणारा वेळ फारसा बदलणार नाही. शेवटी एक बांधिलकी. बसवल्यावर महिनाभराने तेच मोजमाप, त्याच पद्धतीने करून मंडळापुढे ठेवू, आणि नऊशे नव्वदावं व्हाउचर दीड सेकंदाच्या आत आलं नसेल तर का आलं नाही ते लेखी देऊ. मिलिसेकंदांचे तक्ते परिशिष्टात जावेत, कुणी मागितले तर दाखवायला.

मंजुरी मिळाल्यावर बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दोन डिस्कच्या जोडीत एकेक डिस्क बदलता येते. रविवारी एक काढून नवी लावायची, तिच्यावर प्रत तयार होऊ द्यायची, मग दुसरी. पहिली बदलून सोमवारी काउंटर उघडला, तर कुणालाच फरक जाणवणार नाही, आणि पैसे वाया गेले अशी कुजबुज दुपारपर्यंत चौदाही शाखांत पोचेल. जोडीत एक जरी जुनी डिस्क उरली, तरी प्रत्येक होकार तिच्यासाठी थांबतो. म्हणून दुसरी डिस्क बदलून प्रत पूर्ण होईपर्यंत मोजमाप करू नये आणि शाखांना ‘नवीन डिस्क बसवली’ असं कळवूही नये.